इजेक्शन सीट : कणा 'जी'ने मोडतो की फटीने?

विहंग

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत फोर्ट वर्थला एक एफ-३५बी लढाऊ विमान उभं उतरता उतरता उसळलं, नाकावर वाकलं आणि धावपट्टीवर गोल फिरू लागलं. वैमानिक जमिनीवरूनच इजेक्ट झाला, म्हणजे खुर्चीसकट बाहेर फेकला गेला. ती चित्रफीत मी पुन्हा पुन्हा थांबवून पाहिली आणि मग वाचत सुटलो. विमान, इंजिन, पॅराशूट बाजूला ठेवून मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. खुर्ची हलायला लागल्यापासून ती रुळांवरून सुटेपर्यंत पाठीच्या कण्याचं काय होतं?

जितकं समजलंय तितकं मांडतो. खुर्चीच्या मागे एकात एक बसणाऱ्या नळ्या असतात. त्यांना गन म्हणतात, आणि ती खरोखर बंदूकच असते. मूठ ओढली की वरच्या टोकाचं पहिलं काडतूस पेटतं, वायूचा दाब नळ्या उलगडायला लागतो आणि त्यांच्याबरोबर खुर्ची रुळांवर चढते. नळी थोडी वर सरकली की बाजूची काडतुसं उघडी पडतात. पहिल्याच ज्वाळेने तीही पेटतात, त्यामुळे जागा वाढली तरी दाब पडत नाही. जुन्या जोरकस गनमध्ये हा प्रवास साधारण १.८ मीटरचा होता आणि शेवटी वेग सेकंदाला सुमारे २४ मीटर. सरासरी काढली तर १६-१७ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १६-१७ पट रेटा येतो आणि वेळ लागतो ०.१५ सेकंद. तीस फ्रेमच्या चित्रफितीत हे जेमतेम साडेचार फ्रेममध्ये उरकतं.

आता माझा प्रश्न. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप यांनी १० डिसेंबर १९५४ ला रॉकेट स्लेडवर ब्रेक लागताना ४६ जी सोसला आणि ते जगले. मग इथे १६ जीला मणके का मोडतात? शिवाय एकाच जातीच्या खुर्चीतून बाहेर पडलेल्या दोघांपैकी एक उठून चालतो आणि दुसऱ्याचा मणका चेपतो, हे कसं?

रोहन_के

हा रॉकेटचा परिणाम आहे. खुर्चीखाली रॉकेट असतं, त्याच्या धक्क्याने पाठ जाते. म्हणूनच दोनदा इजेक्ट झालेल्या वैमानिकाला पुन्हा कधीच उडू देत नाहीत. उंची कायमची कमी होते म्हणतात.

बाकी स्टॅपचं उत्तर सोपं आहे. त्यांना पट्ट्यांनी गच्च बांधलं होतं.

दत्ताकाका

रोहन, पट्ट्यांचं म्हणतोस ते खरं आहे, त्यावर पुढे येतो. पण रॉकेटचं उलटं आहे. मी २२ वर्षं या खुर्च्यांची देखभाल केली आहे, म्हणून सांगतो. रॉकेट पेटतं ते गनचा प्रवास संपत आल्यावर, म्हणजे खुर्ची कॉकपिटमधून जवळजवळ बाहेर पडलेली असते तेव्हा. पाव सेकंदाच्या आसपास जळतं आणि विझतं. ते आलं म्हणून पाठी वाचायला लागल्या.

पूर्वी रॉकेट नव्हतं, तेव्हा शेपटीच्या वरून माणूस नेण्याएवढा सगळा वेग त्या दीड-दोन मीटरमध्येच द्यावा लागायचा. म्हणून गन जबर. विहंगने दिलेला २४ मीटरचा वेग घे. त्याने माणूस फार तर ३० मीटर वर जाईल, तेही हवेचा विरोध धरला नाही तर. उभ्या विमानातून पॅराशूट भरायला तेवढी उंची पुरत नव्हती, म्हणून जमिनीवर ठरावीक वेग असल्याशिवाय इजेक्ट करू नका असा नियम असायचा. रॉकेट आल्यावर काम वाटलं गेलं. गनने हळुवार सुरुवात करायची आणि उरलेला वेग रॉकेटने बाहेर नेऊन द्यायचा. १९६१ मध्ये डॉडी हे नावाचे ब्रिटिश पॅराशूटपटू स्वतः अशा खुर्चीत बसून जमिनीवरच्या स्थिर अवस्थेतून वर गेले आणि पॅराशूटने नीट उतरले.

दोनदा इजेक्ट झालेलं चालत नाही हेही खरं नाही. हाडं भरली आणि वैद्यकीय तपासणीत पास झाला की माणूस परत उडतो. एकाहून जास्त वेळा इजेक्ट होऊन उडत राहिलेले वैमानिक आहेत.

निनाद

मला वाटतं मुद्दा रक्ताचा आहे. ९ जीला वैमानिकाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून तर ते जी-सूट घालतात. इथे १६ जी म्हणजे रक्त पायात उतरणार आणि माणूस बेशुद्ध पडणार. मग बेशुद्ध माणसाचं पॅराशूट कोण उघडतं?

मेधा_अ

निनाद, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण त्याचं उत्तर इथे उपयोगी पडेल. वळण घेताना ९ जी कित्येक सेकंद टिकतो आणि तेवढ्या वेळात रक्त खाली सरकतं. शिवाय मेंदूकडे चार-पाच सेकंद पुरेल इतका प्राणवायू शिल्लक असतो. इजेक्शनचा धक्का ०.१५ सेकंदाचा, त्यात रक्ताला सरकायला वेळच मिळत नाही. जी-सूटचा इथे काही संबंध नाही. पॅराशूट खुर्ची स्वतःच उघडते, माणूस शुद्धीवर असो वा नसो.

एवढ्या कमी वेळात रक्त मागे राहतं आणि हाड पुढे येतं. मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे आणि काही वर्षं अशा रुग्णांचे मणके पाहिले आहेत. विहंगच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे दिशा. स्टॅप यांना बसलेला धक्का छाती-पाठीच्या दिशेने होता, भार छातीवरच्या रुंद पट्ट्यांवर पसरला. तरी त्यांच्या डोळ्यांत रक्त उतरलं आणि काही काळ दिसेनासं झालं. इजेक्शनमध्ये भार कण्याच्या लांबीच्या दिशेने येतो. डोकं, हेल्मेट, हात, छाती हे सगळं वजन एकावर एक रचलेल्या मणक्यांतून खाली उतरतं. कमरेच्या पहिल्या मणक्याच्या वर समजा ४० किलो आहेत. १४ जीला त्या एका मणक्यावर ५६० किलोंचा भार येतो.

मोडतो तो बहुतेक वेळा हाच मणका किंवा त्याच्या वरचा, छातीचा बारावा. वर बरगड्यांचा पिंजरा आधार देतो, खाली कंबर लवचीक असते, आणि ताठ भाग जिथे संपतो तिथे वाकण्याचा सगळा ताण जमतो. धडाच्या वजनाचा मध्य कण्याच्या पुढे, पोटाच्या बाजूला असतो. खालून रेटा आला की धड पुढे वाकायला बघतं, आणि मणक्याची पुढची कड चेपते. मागची बाजू शाबूत, पुढची बसलेली, असा पाचरीसारखा मणका क्ष-किरणात दिसतो.

सुलभा_वाघ

मी विमानाबद्दल काहीच जाणत नाही. पण "कमरेचा पहिला मणका, पुढून पाचर" हे शब्द माझ्या अहवालात जसेच्या तसे आहेत, म्हणून लिहिते आहे. मी बसच्या अगदी शेवटच्या बाकावर बसले होते. गतिरोधक आला, चालकाने वेग कमी केला नाही. मी आसनावरून उचलली गेले आणि परत आदळले. पडले नाही, कशाला धडकले नाही, नुसती बसल्या जागी आदळले. शेजारची बाई माझ्याबरोबरच उडाली, तिला काही झालं नाही.

पहिल्या डॉक्टरांनी स्नायू आखडला म्हणून गोळ्या दिल्या. नऊ दिवस मी तशीच घरकाम करत होते. मग एमआरआय झाला. बसमध्ये १४ जी असेल असं मला तरी वाटत नाही. मग एकच मणका कसा?

कौस्तुभ_ज

सुलभाताई, तुम्ही धाग्याच्या मुळाशीच हात घातलात. तुमचं शरीर आणि आसन यांच्यात फट पडली होती, आणि विहंगच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या फटीत आहे.

आधी फट नसतानाचं बघू. यासाठी वापरतात ते मॉडेल फार साधं आहे. कणा म्हणजे एक स्प्रिंग, धड म्हणजे त्यावरचं वजन, आणि थोडं घर्षण. या स्प्रिंगचा एक झोका ०.१२ सेकंदात पूर्ण होतो. खुर्चीने १२ जी एका क्षणात लावला तर स्प्रिंग १२ जीइतकी दबून थांबत नाही. वजन वेगात खाली येतं, पुढे निघून जातं, मग परत वर येतं. त्या मॉडेलचं घर्षण धरून हिशेब केला तर शिखर दीडपट निघतं. १२ जीला कण्यावर १८, १६ जीला जवळपास २४. त्या मॉडेलमध्ये १८ या आकड्याला मणक्याला इजा होण्याची शक्यता साधारण ५ टक्के धरतात, म्हणून १६ जीचा एकदम बसलेला धक्का चालणारच नाही.

तोच १६ जी हळूहळू चढवला, म्हणजे पूर्ण झोक्याच्या ०.१२ सेकंदात पसरवला, तर ही उसळी जवळपास नाहीशी होते. अडचण अशी की सगळा प्रवासच ०.१५ सेकंदाचा आहे. चढण्यातच ०.१२ गेले तर वेग कधी मिळवायचा? म्हणून मधला मार्ग काढावा लागतो.

विहंग

हा मधला मार्ग कुठे आहे ते इजेक्शन सीट बनवणाऱ्या ब्रिटनच्या जेम्स मार्टिन यांनी १९४५ मध्येच शोधलं होतं. उभ्या रुळांवर खऱ्या माणसांना बसवून काडतुसाने वर उडवायचे. सुरुवातीच्या एका चाचणीत आलेल्या पत्रकाराच्या मणक्यांना इजा झाली, आणि मोजणी पाहिल्यावर लक्षात आलं की नुसतं शिखर बघून भागणार नाही, जी किती झपाट्याने चढतो तेही बघायला हवं. त्यांनी मर्यादा घातल्या. शिखर २१ जीच्या वर नको, आणि चढण्याचा वेग सेकंदाला ३०० जीच्या वर नको. म्हणजे १६ जीला पोचायला निदान ०.०५ सेकंद. एकाऐवजी दोन काडतुसं आली ती यासाठी.

२४ जुलै १९४६ ला बर्नार्ड लिंच अशाच खुर्चीतून उडत्या मीटिऑर जेट विमानातून सुखरूप बाहेर पडले.

दत्ताकाका

आता फटीकडे या. माझ्या आयुष्याची निम्मी भांडणं त्या फटीवरून झाली आहेत.

एक प्रसंग सांगतो. उड्डाणाआधीच्या तपासणीला गेलो तर बसायच्या गादीवर आणखी एक जाड स्पंजाची उशी, कापडी खोळ घातलेली, अगदी बेताने बसवलेली. एका वैमानिकाची कंबर दुखायची, लांब उड्डाणात बसवत नव्हतं, म्हणून त्याने घरून आणली होती. चांगला माणूस, माझ्याशी नीट वागणारा. मी ती काढली तेव्हा तो रागावला. मी उशी जमिनीवर ठेवली, तिच्यावर हळूच हात ठेवला आणि म्हटलं, बघा, मऊ आहे. मग मूठ आपटली. मूठ सरळ फरशीला लागली. नंतर खुर्चीची मूळ गादी काढून तिच्यावर मूठ आपटली तर लाकडावर आपटल्यासारखी जागच्या जागी थांबली. त्या गादीचा फोम वेगळा असतो. हळू दाबलं तर बोट रुततं, वेगाने दाबलं तर तो दगड होतो. दोन तास बसणाऱ्याला तो मऊ लागतो आणि गनला कठीण.

मऊ उशीत काय होतं? खुर्ची वर येते, उशी चेपते, आणि तेवढा वेळ माणूस जागेवरच असतो. खुर्चीने वेग घेतलेला असतो, माणसाने नाही. उशी संपली की खुर्चीचा कठीण तळ त्या वेगाने ढुंगणाला येऊन भिडतो.

विहंग

काका, याचा आकडा मी काढला आणि दचकलो. खुर्ची १२ जीने निघाली आणि उशी ५ सेंटीमीटर दबली, तर भिडताना वेगातला फरक सेकंदाला ३.४ मीटर होतो. ६० सेंटीमीटरवरून पडल्यावर नेमका एवढाच वेग येतो. बारा गुणिले पाच, साठ. म्हणजे फट गुणिले जी, तेवढ्या उंचीवरून बसकण मारून कठीण पाटावर आपटण्यासारखं.

कौस्तुभ_ज

कल्पना बरोबर, पण एक दुरुस्ती. तू १२ जी पहिल्या क्षणापासून धरलास. सेकंदाला ३०० जीने चढणारी गन धरली तर ५ सेंटीमीटर फटीला ५२ सेंटीमीटरवरून पडल्याइतकं आपटणं येतं आणि २ सेंटीमीटरला सुमारे १५. तुझ्या नियमाने २ ला २४ आले असते. हळू चढणारी गन छोटी फट बऱ्यापैकी माफ करते, मोठी जवळजवळ करत नाही. कारण ५ सेंटीमीटर पार होईपर्यंत खुर्ची १४ जीवर पोचलेली असते. आपटणं आणि चढलेला रेटा दोन्ही एकाच क्षणी कण्यावर येतात.

सुलभाताई, तुमच्याकडे हेच उलट्या बाजूने झालं. तुम्ही वर गेलात, खाली येऊ लागलात, आणि गतिरोधक ओलांडणारं मागचं चाक तेव्हाच आसन वर घेऊन आलं. मागच्या चाकाच्या पलीकडे लटकलेला शेवटचा बाक सगळ्यात जास्त झोका खातो. शेजारची बाई कदाचित समोरच्या दांडीला धरून होती, किंवा थोडी आधी टेकली.

सुलभा_वाघ

तिने दांडी धरली होती. माझे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते, आणि मी पिशवीत वाकून काहीतरी शोधत होते.

मेधा_अ

वाकून होतात, म्हणजे पुढची कड आधीच दाबलेली होती. तिथे धक्का कमी असला तरी पुरतो.

म्हणूनच वैमानिकाला सुरुवातीपासून घोकून घेतात की डोकं मागे टेकवा, हनुवटी वर, पाठ खुर्चीला, कोपरं आत. जुन्या खुर्च्यांमध्ये मूठ डोक्याच्या वर असायची आणि ती ओढली की एक कापडी पडदा चेहऱ्यावर यायचा. तो वाऱ्यापासून चेहरा वाचवायचा, आणि हात वर नेऊन खाली ओढताना पाठ आपोआप ताठ व्हायची. पुढे मूठ मांड्यांच्या मध्ये आली. तिथे हात पटकन पोचतो, पण खाली बघून मूठ शोधणारा माणूस वाकतो. यातली चांगली कुठली यावर मी लोकांना अजून वाद घालताना ऐकते.

रोहन_के

वरच्या चुका मान्य. पण आताच्या खुर्च्या पट्टे स्वतःच आवळतात ना? मग बसण्याची ढब एवढी महत्त्वाची का राहते?

दत्ताकाका

खांद्याचे पट्टे आवळतात, बरोबर. मूठ ओढल्यावर गनच्या आधी एक छोटं काडतूस रीळ फिरवतं आणि खांदे मागे खेचले जातात. पायही दोऱ्यांनी खुर्चीकडे ओढले जातात, नाहीतर बाहेरच्या वाऱ्यात ते फाकतील. पण कमरेचा पट्टा कोणी आवळत नाही, तो वैमानिकाने स्वतः आवळायचा असतो. तो ढिला असेल तर खांदे मागे जातात आणि बूड पुढे सरकतं. पाठ धनुष्यासारखी होते.

मी बांधायला मदत करायचो तेव्हा क्रम एकच. आधी बूड पार मागे रेटायचं, इतकं की पाठीच्या खालच्या टोकाला खुर्ची लागली पाहिजे. मग कमरेचा पट्टा, दोन्ही बाजूंनी, पोट आत घेऊन. त्यानंतर खांदे. मग मी कमरेच्या पट्ट्याखाली बोटं घालून बघायचो. सपाट हात सहज गेला तर पुन्हा आवळायला लावायचो. तासाभराने उड्डाणात तोच पट्टा सैल होतो, कारण माणूस चुळबुळतो, जी खाताना गादीत रुततो. जुने वैमानिक मधेमधे तो ओढून घेतात. नव्यांना सांगावं लागतं.

निनाद

माझा मघाचा प्रश्न चुकला होता हे कळलं. आता दुसरा विचारतो. हलक्या माणसाला धक्का कमी बसायला हवा ना? त्याच्या मणक्यावर वजनच कमी.

कौस्तुभ_ज

उलट होतं. गनचा जोर ठरलेला असतो. खुर्ची अधिक माणूस यांचं वजन कमी झालं की तोच जोर त्यांना जास्त जी देतो. मणक्यावरचं वजन कमी असतं हे खरं, पण सडपातळ माणसाचा मणकाही लहान असतो. आणि हेल्मेटचं वजन मात्र त्याच्यासाठी कमी होत नाही.

एफ-३५ मध्ये हेच उघड झालं. २०१५ मध्ये १३६ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ६२ किलोंपेक्षा हलक्या वैमानिकांना उड्डाणबंदी आली. तिथे धोका मानेला होता. त्या विमानाचं हेल्मेट जड आणि पॅराशूट उघडतानाचा झटका मानेला मागे फेकणारा. २०१७ मध्ये बंदी उठली ती तीन बदलांनंतर. हेल्मेट हलकं केलं, पॅराशूटच्या पट्ट्यांमध्ये डोक्यामागे आधार देणारं कापड शिवलं, आणि हलक्या वैमानिकासाठी मुख्य पॅराशूट किंचित उशिरा उघडणारा स्विच बसवला. सैल बसलेल्या गोष्टीला एकदम झटका देऊ नका, हाच हिशेब मानेलाही लागू झाला.

विहंग

वेगाचं एक विचारायचं राहिलं. कॉकपिटबाहेर पडल्यावर वाऱ्याचा मार येतो, त्याचा कण्याशी संबंध आहे का?

कौस्तुभ_ज

कण्याशी कमी, हातापायांशी जास्त. समुद्रसपाटीला ६०० नॉट वेग असेल तर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला जवळपास सहा टन होतो. खुर्ची-माणसाचं पुढून दिसणारं क्षेत्र आणि वजन धरून अंदाज केला तर २० जीच्या आसपास ब्रेक लागतो. हा ब्रेक छाती-पाठीच्या दिशेचा, स्टॅपवाला, म्हणून कणा तो बऱ्यापैकी सोसतो. पण मोकळा राहिलेला हात त्या वाऱ्यात मागे जातो आणि खांदा निखळतो. २५० नॉटला हाच दाब सहापट कमी असतो. म्हणून वेळ असेल तर वैमानिक नाक वर करून वेग घालवतात आणि मग मूठ ओढतात. वेळ नसतो तेव्हा नाहीच. २००३ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या थंडरबर्ड्स या कसरती पथकातल्या एका एफ-१६ चा वैमानिक विमान आपटायच्या ०.८ सेकंद आधी निघाला आणि वाचला.

सुलभा_वाघ

मेधाताई, एक विचारते. ते वैमानिक उतरल्यावर लगेच चालतात असं वर लिहिलंय. मीही चालत घरी गेले होते. मग मोडलंय हे ओळखायचं कसं?

मेधा_अ

चालण्यावरून ओळखता येत नाही, आणि चूक नेमकी इथेच होते. मणक्याची पुढची कड चेपली आणि मागची भिंत शाबूत राहिली तर मज्जारज्जूला धक्का लागत नाही. पाय चालतात, बधिरपणा नसतो. त्यातून अंगात ॲड्रिनॅलिन भिनलेलं असतं. शोधपथक पोचतं तेव्हा माणूस पॅराशूट गुंडाळत उभा सापडतो, हसतो, बरा आहे म्हणतो. तरी त्याला आडवंच न्यायचं, कण्याला वाक न देता.

तपासताना मी मणक्यांच्या टोकांवर एकेक करून बोटाने हलके ठोकते. इतर ठिकाणी काही नाही आणि एकाच टोकावर माणूस दचकतो, तिथे संशय. साध्या क्ष-किरणात पहिल्या दिवशी काही दिसेलच असं नाही, कारण हाड आतून चिरडलेलं असतं पण अजून बसलेलं नसतं. भार पडत राहिला की काही दिवसांत ते बसतं आणि मग पाचर दिसते. एमआरआयमध्ये हाडातली सूज आधीच दिसते. म्हणून इजेक्ट झालेल्या प्रत्येकाचा पूर्ण कणा तपासायला हवा, दुखत असो वा नसो. एक मणका सापडला म्हणून थांबायचं नाही, वर मधल्या छातीत दुसरा असू शकतो.

सुलभाताई, तुमच्या नऊ दिवसांत काय झालं असेल ते मला अहवाल न बघताही दिसतंय. पहिल्या दिवशीचा फोटो असेल तर तो आणि नंतरचा शेजारी ठेवून पुढच्या कडेची उंची मोजायला सांगा.

रोहन, उंचीबद्दल तुमचं थोडं बरोबर होतं. पाचर झालेल्या मणक्याची उंची परत येत नाही, दोन-तीन मणके चेपले तर काही सेंटीमीटरपर्यंत फरक राहू शकतो. ज्याचं हाड मोडलं नाही त्याची उंची कायमची कमी होत नाही. मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि विश्रांतीनंतर भरून येतात.

विहंग

शेवटी एक गोष्ट, जिचं उत्तर मला कुठेच समाधानकारक मिळालं नाही. उभं उतरणाऱ्या सोव्हिएत याक-३८ मध्ये विमान ठरावीक मर्यादेपलीकडे कलंडलं की खुर्ची स्वतःहून सुटायची. एफ-३५बी मध्येही स्वयंचलित इजेक्शन आहे, कारण उभं उतरताना विमान उचलून धरणारा पंखा बंद पडला तर माणसाला विचार करायलाही वेळ उरत नाही. पण मूठ स्वतः ओढणारा निदान क्षणभर आधी सावरून बसतो. ज्याच्या हातात मूठच नाही, तो कदाचित बाजूच्या खिडकीतून जमीन बघत असेल, मान वळवून, वाकून.

दत्ताकाका

खांदे मागे खेचायला यंत्रणेला काही दशांश सेकंद तरी लागतातच. धड तेवढ्यात परत येतं. वळलेल्या मानेचं मात्र मला सांगता येत नाही, मान कोणी ओढत नाही. उभं उतरताना डोकं आधाराला टेकवून ठेवा असं शिकवता येईल, पण बाहेर न बघता उतरणार कसं?

मेधा_अ

वळलेल्या मानेवर वरून भार आला तर सांध्यांची एकच बाजू दबते, सरळ मानेपेक्षा ते वाईट. पण कौस्तुभने सांगितलेल्या स्प्रिंगच्या मॉडेलमध्ये मान वळवायची सोयच नाही, ते सरळ बसलेल्या माणसाचं आहे. त्यातला ५ टक्क्यांचा आकडा अशा वैमानिकाला मी लावणार नाही.

कौस्तुभ_ज

मान्य. माझ्या हिशेबात हेल्मेटचं वजनही नव्हतं, मान वळणंही नव्हतं. मानेचं वेगळं मॉडेल घेऊन ३० अंश वळवून बघतो. आकडे आले की इथेच टाकतो.